बारा कार्यकर्ते, बारा डबे: गणेशोत्सवानंतरची आभाराची भेट कशी ठरवावी

सोसायटीचा गणपती विसर्जन झाला की दोन कामं उरतात. एक हिशेब, आणि दुसरं, ज्यांनी दहा दिवस राबून सगळं पार पाडलं त्यांचे आभार. हिशेब कोणी ना कोणी करतंच. आभाराचं मात्र नेहमी घाईत ठरतं: कोणीतरी म्हणतं शाली आणू, कोणी म्हणतं स्मृतिचिन्हं करू, आणि शेवटी एखाद्याचं नाव राहून जातं. त्या एका राहिलेल्या नावाची चर्चा पुढच्या गणपतीपर्यंत चालते.

पुण्यातल्या आमच्या मध्यम आकाराच्या सोसायटीत हे काम माझ्याकडे असतं. २०२५ च्या उत्सवानंतर आम्ही बारा जणांना काय दिलं, कसं दिलं आणि किती खर्च आला, ते इथे टप्प्याटप्प्याने लिहिते. भेट साधी होती: नाव घातलेला स्टीलचा डबा, आत पंचखाद्य आणि सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी. माणशी खर्च २६० रुपये. तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. पण कुठल्या क्रमाने काम करायचं आणि खड्डे कुठे आहेत, ते बहुतेक सगळीकडे सारखंच असतं.

आधी हाताशी काय हवं

- कार्यकर्त्यांची यादी, प्रत्येकाच्या नावापुढे त्याने केलेलं काम
- खर्चाला मंजुरी दिलेल्या बैठकीचं इतिवृत्त
- निदान दोन दुकानांतून विचारलेले भाव
- नावांची छापील यादी, मोठ्या अक्षरात
- भांड्यांची आणि किराण्याची पक्की पावती
- चिठ्ठ्यांसाठी जाड कागद आणि न पसरणारं पेन

१. पैसे कुठून येणार, हे सगळ्यात आधी

वर्गणी लोकांनी उत्सवासाठी दिलेली असते. त्यातून भेटी घ्यायच्या तर ते सांगूनसवरून व्हायला हवं. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे उत्सवाचं अंदाजपत्रक मांडतानाच त्यात ‘कार्यकर्ते आभार’ असा वेगळा रकाना ठेवायचा. तेव्हा कोण काम करणार हे ठरलेलं नसतं. त्यामुळे आपल्याच माणसांसाठी रक्कम ठेवली असं कोणी म्हणू शकत नाही. आम्ही माणशी तीनशे धरून ३,६०० रुपये ठेवले होते.

रकाना ठेवायचा राहिला असेल तर शिल्लक रकमेतून खर्च करायला बैठकीत मंजुरी घ्या आणि तसं इतिवृत्तात लिहा. ज्या मंडळांनी वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी घेतलेली असते त्यांना हिशेब सादर करावा लागतो. तिथे तर हा खर्च पावतीसह दिसलाच पाहिजे.

इथे दोन मोह होतात. पहिला, समितीतल्या लोकांनीच पैसे काढायचे. ऐकायला बरं वाटतं, पण समितीतलेच निम्मे लोक कार्यकर्ते असतात, म्हणजे ते स्वतःच्या भेटीचे पैसे स्वतःच भरतात. दुसरा मोह प्रायोजकाचा. कोपऱ्यावरचा दुकानदार बारा पिशव्या फुकट द्यायला तयार होतो आणि त्या पिशवीवर त्याचं नाव ठळक, कार्यकर्त्याचं कुठेच नाही. अशी पिशवी घ्यायला हरकत नाही. फक्त ती आभाराची भेट म्हणून देऊ नका.

२. बारा म्हणजे नेमके कोण

हा सगळ्यात नाजूक भाग आहे, आणि वेळ द्यायचा तर इथेच द्या. भेट काय द्यायची यावरून फारशी भांडणं होत नाहीत. कोणाला दिली आणि कोणाला नाही, यावरून होतात.

यादी करताना माणसं आठवू नका, कामं आठवा. आम्ही कागदावर कामं लिहिली: मांडव आणि सजावट, दिवे आणि ध्वनिक्षेपक, वर्गणी आणि हिशेब, आरतीचं वेळापत्रक, रोजचा प्रसाद, मुलांच्या स्पर्धा, महाप्रसाद, निर्माल्य, विसर्जन. मग प्रत्येक कामापुढे ते खरोखर कोणी केलं ते लिहिलं. असं केलं की समोर न दिसणारी माणसं वर येतात. रोज संध्याकाळी निर्माल्य वेगळं काढून ठेवणारा मुलगा कुठल्याच फोटोत नसतो. प्रसादाची पातेली ज्यांच्या ओट्यावर घासली जातात त्या काकूही नसतात. माणसं आठवत यादी केली तर माइक ज्यांच्या हातात होता तेच आधी आठवतात.

मग काही प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरं नावं न घेता, नियम म्हणून आधी ठरवा.

नवरा-बायको दोघांनी काम केलं असेल तर भेटी दोन. ‘एका घरात एकच पुरे’ हा हिशेब सोयीचा वाटतो. पण त्यात ज्याचं नाव कापलं जातं ती बहुतेक वेळा बायको असते.

बारावीतली किंवा कॉलेजातली मुलं राबली असतील तर त्यांनाही तीच भेट, तेवढ्याच आकाराची. त्यांच्या हातात चॉकलेट ठेवून मोठ्यांना डबा दिला, तर पुढच्या वर्षी ती खुर्च्या उचलायला येणार नाहीत, आणि का यावं त्यांनी?

मोठी देणगी देणारे या यादीत येत नाहीत. त्यांना पावती मिळते, फलकावर नाव लागतं. त्यांना आभाराचं पत्र वेगळं द्या.

वॉचमन आणि सफाई करणाऱ्या मावशी हे पगारी लोक. त्यांनी या दहा दिवसांत जादा काम केलेलं असतं. त्याचे त्यांना रोख पैसे द्यावेत, आणि तेही वेगळ्या रकान्यातून. दोनशे साठ रुपयांचा डबा देऊन जादा कामाची मजुरी भागवू नये.

एक दिवस येऊन गेलेल्यांचं काय? आम्ही अशी रेघ आखली: एखादं काम ज्याच्या नावावर होतं, म्हणजे तो आला नसता तर दुसऱ्याला फोन करावा लागला असता, तो कार्यकर्ता. महाप्रसादाला पंगतीत वाढायला उभे राहिलेले पंचवीस-तीस जण त्यात येत नाहीत. त्यांचे आभार सगळ्यांसमोर तोंडी मानायचे. तुमची रेघ वेगळी असू शकते, पण ती यादी बघण्याआधी आखलेली असावी.

यादी तयार झाली की वेगवेगळ्या इमारतींतल्या दोघांना दाखवा आणि एकच विचारा: ‘कोण राहिलंय?’ यादी बरोबर आहे का असं विचारलं तर लोक हो म्हणून मोकळे होतात.

३. भेट निवडताना काय टाळावं

सगळ्यांना सारखी भेट म्हणजे फक्त सारख्या किमतीची नव्हे. ती प्रत्येकाच्या उपयोगी पडली पाहिजे, आणि ती घेताना कोणाला अवघडल्यासारखं होता कामा नये.

शाल-श्रीफळ सगळ्यांच्या आधी सुचतं. पण अडीचशे रुपयांत मिळणारी शाल अंगावर कोणी घेत नाही. ती कपाटात जाते आणि तिथून दुसऱ्या कोणाच्या तरी सत्काराला. स्मृतिचिन्हाचं तेच होतं, फक्त ते पुढे देताही येत नाही, कारण त्यावर नाव असतं.

बायकांना ब्लाउजपीस आणि नारळ, पुरुषांना रुमाल, ही विभागणी तर करूच नका. एक तर सारख्या कामाच्या दोन भेटी होतात. दुसरं म्हणजे ओटी भरण्याचा रिवाज अजूनही बऱ्याच ठिकाणी सवाष्णींपुरता पाळतात. विधवा बाईने दहा दिवस प्रसाद सांभाळला आणि भेटीच्या वेळी तिच्यापाशी येऊन ताट थबकलं, तर त्या थबकण्याची भरपाई कशानेच होत नाही. भेट अशी निवडा की ती देताना समोरच्याचं लग्न, वय, जात, उपास यातलं काहीच बघावं लागणार नाही.

नुसती मिठाई दिली तर ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या हातात काय राहिलं? टीशर्टात मापांचा घोळ असतो, आणि बारा जणांना त्यांचं माप विचारणंही सगळ्यांना आवडत नाही. रोख पाकीट दिलं की कामाला दर लागतो. दहा दिवसांचे तीनशे म्हणजे दिवसाचे तीस, हा हिशेब कोणीही मनात करतं.

स्टीलचा झाकणाचा डबा या सगळ्यातून सुटतो. विशीतल्या मुलाला टिफिनला चालतो, आजोबांना औषधं ठेवायला, आणि घरोघरी एक डबा नेहमीच कमी असतो, कारण शेजारी लाडू घेऊन गेलेला परत आलेला नसतो. त्यावर नाव घालायचा रिवाज आपल्याकडे जुनाच आहे. लग्नातल्या भांड्यांवर ‘यांजकडून’ घातलेलं आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथे तेच उलटं करायचं: देणाऱ्याचं नाव बारीक, घेणाऱ्याचं मोठं.

तांब्याचा लोटा किंवा वाटी देखणी दिसते. पण या रकमेत येते ती फार पातळ, आणि घासायला चिंच-मीठ लागतं. भेट देऊन वर काम कशाला द्यायचं?

४. डबे घेताना

साधारण अर्धा लिटरचा, सरळ भिंतीचा, सपाट झाकणाचा डबा बघा. नाव घालायला सपाट जागा लागते. नक्षी किंवा रेघा असलेल्या डब्यावर अक्षरं नीट उमटत नाहीत.

पुण्यात रविवार पेठेत किंवा तुळशीबागेत भांड्यांची दुकानं आहेत. इतर गावांत जिथे लग्नाची भांडी घेतात ते दुकान गाठा. अशा दुकानात नाव घालायची सोय बहुतेक असतेच. डझनाचा भाव वेगळा विचारा आणि नाव घालण्याचे पैसे त्यात धरलेत का, हेही तेव्हाच विचारा. काही जण अक्षरावर पैसे घेतात, काही नगावर. बारा नावांमध्ये अक्षरांची संख्या कमीजास्त असते, म्हणून नगावर ठरवलेलं सोपं पडतं.

बरेच जण दुकानात लोहचुंबक घेऊन जातात. चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील, असा समज आहे. त्यावर फार विसंबू नका. जास्त निकेल असलेलं ३०४ प्रतीचं स्टील साधारणपणे चुंबकाला चिकटत नाही हे खरं. पण कमी निकेल आणि जास्त मँगनीज घातलेलं २०० मालिकेतलं स्वस्त स्टीलही चिकटत नाही. दोन्हींत फरक चुंबकाला कळत नाही. त्यापेक्षा स्टीलच्या भांड्यांसाठी असलेल्या भारतीय मानकाची, म्हणजे आयएस १४७५६ ची, आयएसआय खूण डब्यावर आहे का बघा, आणि स्टीलची प्रत पावतीवर लिहून मागा. लिहून द्यायला दुकानदार कां-कू करत असेल तर दुसऱ्या दुकानात विचारा.

मग प्रत्येक डबा हातात घेऊन तपासा, बाराच्या बारा. काठावरून बोट फिरवा. काठ गोल वळवलेला असावा, बोटाला लागता कामा नये. दुकानात पाणी मिळालं तर अर्धा डबा भरून झाकण लावा आणि आडवा करा. डबा पातळ पदार्थाचा नसेल तर एखादा थेंब चालेल, धार लागली तर बाजूला ठेवा. झाकणं एकमेकांच्या डब्यांना लावून पाहा. एकाच मापाचे म्हणून दिलेल्या डब्यांतही एखादं झाकण सैल निघतं.

ही तपासणी नाव घालण्याआधीच करायची, कारण नाव घातलेला डबा कोणीही बदलून देत नाही.

आणि बारा नव्हे, चौदा डबे घ्या. जादा दोनांवर नाव घालू नका. यादीला कितीही चाळण्या लावल्या तरी एखादं राहिलेलं नाव वाटपाच्या दिवशी आठवतंच. तेव्हा कोरा डबा पुढे करून, नाव उद्या घालून देतो, असं सांगता येतं. मागाहून वेगळाच डबा आणून दिला तर तो माणूस तेराव्या नंबराचा आहे हे त्यालाही दिसतं आणि इतरांनाही.

५. नाव घालणं

गुपित ठेवून आश्चर्याचा धक्का द्यायचा विचार सोडा. प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर सरळ विचारा: ‘डब्यावर तुमचं नाव कसं घालू? कुठल्या लिपीत?’ आमच्याकडे एका गुजराती काकांना नाव गुजरातीत हवं होतं. एका मुलीला माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही आडनावं हवी होती, तर एकीला आडनावच नको होतं. हे विचारल्याशिवाय कळणं शक्य नव्हतं.

श्री., सौ., डॉ., श्रीमती ही बिरुदं सगळ्यांचीच गाळा. एकाचं डॉ. ठेवलं की दुसऱ्याचं ॲड. ठेवावं लागतं, आणि सौ.-श्रीमती करताना पुन्हा ओटीच्याच अडचणीत येतो.

मजकूर दोन ओळींचा पुरे. वर नाव. खाली बारीक अक्षरात ‘गणेशोत्सव २०२५’ आणि सोसायटीचं लहान नाव. नाव डब्याच्या बाहेरच्या बाजूला घाला आणि आद्याक्षरं झाकणावरही, कारण शेजारून परत येताना झाकणंच बदलतात. आतल्या बाजूला किंवा काठावर काहीही कोरू देऊ नका, तिथे अन्न अडकतं.

यादी छापून न्या, एका ओळीत एक नाव, अक्षरं मोठी. फोनच्या पडद्यावरून वाचून घालणारा कारागीर ऱ्हस्व-दीर्घाची चूक करणारच. त्याचा हात भराभर चालत असतो आणि दुकानात गर्दी असते. छापण्याआधी यादी दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्या, कारण आपणच टाइप केलेल्या नावातली चूक आपल्याला दिसत नाही. स्टीलवरचं चुकलेलं अक्षर खोडता येत नाही. घासून काढलं तरी तिथे पांढरट डाग राहतो. पहिला डबा झाला की तो हातात घेऊन बघा, अक्षरांचा आकार ठरवा, आणि बाकी सगळे त्याच आकारात घालायला सांगा. शेवटी यादीवर एकेक खूण करत मोजा आणि मगच पैसे द्या.

घरी आणल्यावर डबे गरम पाणी आणि साबणाने दोनदा धुवा. नव्या स्टीलवर पॉलिशचा अंश असतो, पांढरं फडकं फिरवलं की काळं होतं. फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसा. नाव घातलेल्या जागी कधी बारीक कणी राहते, तिथेही बोट फिरवून बघा. मग डबे उघडे ठेवून पूर्ण वाळवा.

६. रिकामा डबा देऊ नये

आपल्याकडे रिकामं भांडं कोणी देत नाही, मग भेटीचं तर नाहीच. आत काय घालायचं? गणपतीच्या निमित्ताची भेट म्हणून आम्ही पंचखाद्य, म्हणजे खिरापत, केली. ओलावा नसल्याने ती बरेच दिवस टिकते, कुठल्याही उपासाच्या वादात फारशी अडकत नाही, आणि दाणे घातले नाहीत तर दाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांचीही अडचण नाही.

बारा डब्यांना आम्ही घेतलं ते असं: सुकं खोबरं अर्धा किलो, खारकेची पूड पाव किलो, खडीसाखर पाव किलो, बेदाणे दीडशे ग्रॅम आणि खसखस पन्नास ग्रॅम. सगळं मिळून १,२०० ग्रॅम, म्हणजे डब्यात जेमतेम शंभर ग्रॅम. खोबरं किसून मंद आचेवर हलकं बदामी होईपर्यंत भाजायचं. जास्त भाजलं तर तेल सुटतं आणि लवकर खवट होतं. खसखस वेगळी भाजायची. खडीसाखर जाडसर कुटायची, बेदाणे अख्खेच. सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका. कोमट असताना झाकण लावलं की आत वाफ धरते, आणि दोन दिवसांत खिरापत ओलसर होते.

गोड चालत नसेल त्याच्या घरचे खातील, डबा तर त्याचाच आहे. म्हणूनच मूळ भेट डबा असावी आणि खाऊ जोडीला.

एक बारीकशी सूचना. कार्यकर्त्यांपैकी कोणी दुबईला लेकीकडे वगैरे जाणार असेल तर त्याच्या डब्यात खसखस घालू नका. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे, आणि ‘प्रसाद आहे’ म्हणून विमानतळावर सुटका होत नाही.

७. चिठ्ठी, आणि फरक असला तर इथेच

कोणीतरी हा मुद्दा काढतोच: एकाने दहा दिवस रोज चार तास दिले, दुसऱ्याने दोन संध्याकाळी, मग दोघांना सारखंच का? माझं मत ठाम आहे. वस्तू सगळ्यांना एकच, आणि कामातला फरक चिठ्ठीत. किमतीत फरक करायला गेलात की तास मोजावे लागतात, आणि ते कोणीच मोजलेले नसतात. दोन प्रकारच्या भेटी आल्या की दुसऱ्या प्रकारच्या भेटीला कोणी भेट समजत नाही.

चिठ्ठी तीन-चार ओळींची, सगळ्यांना साधारण सारख्या लांबीची, हाताने लिहिलेली. त्यात त्या माणसाने केलेलं एक नेमकं काम यायला हवं, जे दुसऱ्या कोणाच्या चिठ्ठीत जाऊ शकणार नाही. ‘आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मनःपूर्वक आभार’ ही ओळ बारा जणांना चालते, म्हणूनच ती एकालाही चालत नाही. संध्याकाळी सगळे पायऱ्यांवर बसले की या चिठ्ठ्या एकमेकांना दाखवल्या जातात, हे धरूनच लिहा.

आमच्या काही चिठ्ठ्यांतला मजकूर असा होता.

हिशेब ठेवणाऱ्या काकांना: ‘रोज रात्री आरतीनंतर तुम्ही त्या दिवसाचा जमाखर्च फलकावर लावत होता. या वर्षी हिशेबावरून कोणी एक शब्द काढला नाही, तो त्या फलकामुळे.’

निर्माल्य सांभाळणाऱ्या मुलाला: ‘दोरा, प्लास्टिक आणि फुलं रोज वेगळी केलीस. खतासाठी पाठवताना पोती पुन्हा उघडावी लागली नाहीत.’

स्पर्धा घेणाऱ्या ताईंना: ‘चित्रकलेत नंबर न आलेला छोटा रडायला लागला, तेव्हा तुम्ही त्याचं चित्र मांडवात लावलंत. त्याची आई अजून सांगते.’

चिठ्ठी त्याने लिहावी ज्याने ते काम पाहिलं. सचिवाने एकट्याने बाराच्या बारा लिहायला घेतल्या की सहाव्यापासून शब्द तेच येतात. आम्ही तिघांनी वाटून घेतल्या. एखाद्याबद्दल नेमकं काही सुचत नसेल तर त्याच्या जोडीला काम केलेल्याला विचारा, दोन मिनिटांत काहीतरी सापडतं.

८. कधी द्यायचं

तारखा बघितल्याशिवाय दिवस ठरवू नका. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. त्यापाठोपाठ पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात नवी वस्तू घेणं-देणं बऱ्याच घरांत टाळतात. आपण मानत असू वा नसू, बारापैकी दोघं-तिघं मानणारी असणार, आणि भेट घेताना त्यांची पंचाईत होणार. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी वाटायचं तर तयारी विसर्जनाआधीच लागते, आणि तेव्हा कोणालाच उसंत नसते.

म्हणून आम्ही कोजागरी धरली. ती ६ ऑक्टोबरला होती. गच्चीवर मसाला दूध असतंच, सगळे जमतातच, वेगळा कार्यक्रम करावा लागत नाही. मधल्या काळात हिशेब पुरा होतो आणि किती पैसे खरंच उरलेत ते कळतं. पितृपक्षात यादी, भाव आणि मजकूर ही कागदाची कामं करा, खरेदी नवरात्रात. कोजागरीच्या पुढे मात्र ढकलू नका. धनत्रयोदशी जवळ आली की भांड्यांच्या दुकानात उभं राहायला जागा नसते, आणि नाव घालणारा तुमच्या बारा डब्यांना हात लावत नाही.

९. देताना

नावं अकारविल्ह्याने पुकारा आणि ते तसं आहे हे आधी सांगा, म्हणजे पहिला कोण आणि शेवटचा कोण यात कोणी मान-अपमान शोधत नाही. प्रमुख पाहुणा बोलावू नका. पाहुणा आला की भाषण आलं, आणि फोटोत तोच मध्यभागी. आमच्याकडे सोसायटीतल्या सगळ्यात ज्येष्ठ आजींनी डबे दिले आणि सोबत एक ओळ वाचली गेली, कोणी काय काम केलं एवढीच. चिठ्ठी मोठ्याने वाचायची नाही, ती ज्याची त्याने.

जे आले नाहीत त्यांचा डबा त्याच रात्री घरी पोचवा. ‘ऑफिसात ठेवलाय, घेऊन जा’ असा निरोप पाठवू नका. कोणी ‘मला कशाला, मी काय केलं’ म्हणून नाकारलं तर एकदा आग्रह करा, मग चिठ्ठी तरी ठेवून घ्या म्हणा. जबरदस्ती नको, आणि तो डबा फिरवून दुसऱ्याला देऊही नका, त्यावर नाव आहे.

१०. हिशेब लावून टाका

आमचा खर्च असा झाला:

- डबे, १६५ रुपयांचा एक, असे चौदा: २,३१० रुपये
- नाव घालणं, २५ रुपये नग, बारा नग: ३०० रुपये
- पंचखाद्याचा किराणा: ४५० रुपये
- कागद: ६० रुपये

एकूण ३,१२० रुपये. ठेवलेल्या ३,६०० मधून ४८० उरले, ते उत्सव खात्यात परत गेले. पावत्या, बैठकीच्या इतिवृत्ताची प्रत आणि नावांची यादी एकाच फाइलमध्ये लावा, आणि खर्चाचा कागद कोजागरीच्या दुसऱ्याच दिवशी सूचनाफलकावर डकवा. यादीसोबत कामांचा तो पहिला कागदही ठेवा. पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कोणाकडे गेलं तर त्याला सुरुवात तिथूनच करता येते.

जादा दोन डब्यांपैकी एक लागलाच. विसर्जनाला घरची गाडी देऊन स्वतः चालवणाऱ्या शेजाऱ्याचं नाव कामांच्या कागदावर आलं नव्हतं, कारण ‘वाहन’ हे काम आम्ही लिहिलंच नव्हतं. त्याचं नाव आठवड्याभरात घालून दिलं, आणि कागदावर एक ओळ वाढवली. दुसरा डबा सोसायटीच्या कपाटात आहे, आरतीच्या कापराला.